एकाच कपात कडू आणि आंबट

घरी केलेली कॉफी एकाच घोटात कडूही लागते आणि आंबटही. असं होत असेल तर बिया बदलण्याआधी दळलेली पूड चिमूटभर घेऊन पांढऱ्या कागदावर पसरा. पात्याच्या ग्राइंडरची पूड असेल, तर मैद्यासारखी भुकटी आणि जाडेभरडे तुकडे शेजारी शेजारी दिसतील. चव बिघडते ती इथे.

1 मिलिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस मिलिमीटर. त्याचेच अर्ध्या मिलिमीटरचे 8 घन केले, तर वजन तेवढंच राहतं, पण पृष्ठभाग 12 होतो. पाणी पृष्ठभागातूनच आत शिरतं, आणि आंबट घटक लवकर विरघळतात, कडू उशिरा. म्हणजे भुकटीतून कडूपणाही उतरून येतो, तेव्हा जाड तुकड्यातून जेमतेम आंबटपणाच सुटलेला असतो. मग वेळ किंवा पाणी कितीही बदला, दोघांना एकाच वेळी जमेल असं काही सापडत नाही.

पातं फिरत राहतं आणि जो कण समोर येईल त्याला फोडतं. बारीक झालेला कणही पुन्हा पुन्हा सापडतो. त्यामुळे जास्त वेळ फिरवलं की जाड तुकडे कमी होतात, पण भुकटी वाढते. बर ग्राइंडरचं तत्त्व जात्याचं आहे: दोन दातेरी भागांमधल्या फटीएवढा बारीक झाला की कण खाली पडतो, सुटतो. भुकटी इथेही थोडी होतेच, कारण भाजलेली बी ठिसूळ असते.

पैसे बेताचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: हाताने फिरवायचा बर ग्राइंडर घ्या. मोटारीचा खर्च वाचतो आणि तो दात्यांवर लागू शकतो. 20 ग्रॅम बियांना एक-दोन मिनिटं हात चालवावा लागतो, एवढंच. घेताना आतला दांडा बोटाने हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर प्रत्येक फेरीत फट बदलते, आणि जाड दळताना हा दोष जास्त जाणवतो.

पात्याचा ग्राइंडर आधीच घरात असेल, तर लगेच टाकून देऊ नका. बटण दोन-दोन सेकंदच दाबा आणि दर वेळी भांडं हलवून वरचे तुकडे पात्यापाशी आणा. मग पूड बारीक गाळणीतून चाळा. खाली पडलेली भुकटी बाजूला ठेवा, वरची फ्रेंच प्रेसमध्ये 4 मिनिटं भिजवा. कडूपणा बराच कमी होतो. एस्प्रेसोसाठी मात्र ही युक्ती पुरत नाही. तिथे पाणी दाबाने पुडीतून जातं आणि पूड असमान असली की सैल जागेतून वाट काढतं, बाकीची पूड तशीच राहते.