लेसर अंतरमापक आणि बॅलिस्टिक गणक ॲप : शिकारीतील संयुक्त उपयोग

दूर अंतरावरील शिकारीत सावजापर्यंतचे अंतर लेसर अंतरमापकाने मोजून त्या मोजमापावरून, तसेच गोळी, हवा व उतार यांच्या नोंदींवरून, गोळीची घसरण भरून काढण्यासाठी रायफलीच्या दुर्बिणीत किती उंची द्यावी याचा अंदाज गणक ॲपकडून मिळविण्याची पद्धत. साधारणपणे ३०० मीटरपलीकडे गोळीचा मार्ग इतका वाकलेला असतो की अंतराच्या नुसत्या नजरअंदाजावर विसंबता येत नाही. त्यापुढच्या पल्ल्यासाठीच ही जोडी प्रामुख्याने वापरात आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समधील ताहराच्या शिकारीचे उदाहरण या नोंदीत आधारासाठी घेतले आहे. हिमालयातील हा डोंगरी प्राणी १९०४ मध्ये तेथे सोडण्यात आला. नैसर्गिक शत्रू नसल्याने त्याची संख्या वाढली आणि १९९३ च्या सरकारी योजनेनुसार ती शिकारीद्वारे आटोक्यात ठेवली जाते. दऱ्यांच्या एका कड्यावरून समोरच्या कड्यावर नेम धरावा लागत असल्याने तेथे लांब पल्ला आणि तीव्र उतार बहुधा एकत्रच येतात.

अंतराचे मापन. पहिला लेसर १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि त्याच दशकात लष्करी अंतरमापक बनू लागले. खिशात मावणारी नागरी उपकरणे मात्र १९९० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास बाजारात आलेली दिसतात. यांतील बहुतेक उपकरणे सुमारे ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे स्पंद अर्धवाहक लेसरमधून सोडतात आणि परावर्तित प्रकाश परत येईपर्यंतचा काळ मोजतात. ५५० मीटरवरून परत येण्यास प्रकाशाला सुमारे ३·६७ मायक्रोसेकंद लागतात. एक मीटरचा फरक ओळखायचा तर काळातील सुमारे ६·७ नॅनोसेकंदांचा फरक टिपावा लागतो, म्हणून उपकरण अनेक स्पंद सोडून त्यांच्या प्रतिध्वनींची गोळाबेरीज करते. त्याच वेळी आतील कलमापक दृष्टिरेषेचा चढ किंवा उतार अंशांत नोंदवतो.

शिकारीच्या दृष्टीने वेळेच्या अचूकतेपेक्षा शलाकेची रुंदी अधिक अडचणीची ठरते. शलाका १·५ मिलिरेडियन, म्हणजे दर हजार मीटरला दीड मीटर, पसरत असेल, तर ५५० मीटरवर तिचा ठिपका सुमारे ८३ सेंटिमीटर रुंद होतो. म्हणजे ताहराच्या धडावर रोखलेल्या शलाकेचा काही भाग पाठीवरून निघून मागच्या खडकावर पडू शकतो. खडक हा केसाळ कातडीपेक्षा चांगला परावर्तक असल्यामुळे उपकरण कधी कधी त्याचेच अंतर दाखवते. पुढे गवत असेल तर याच्या उलट घडते. हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे सलग चार-पाच मापे घेणे. वाचने ५४९, ५५१, ५९०, ५५० अशी आली, तर त्यांत दोन वेगळ्या पृष्ठभागांचे प्रतिध्वनी मिसळले आहेत हे उघड होते. उपकरणातील खूण आणि प्रत्यक्ष शलाका एकाच दिशेला आहेत की नाहीत हेही आधी पाहून घ्यावे लागते. त्यासाठी आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या एकट्या खांबावरून खूण डावीकडून व उजवीकडून हळूहळू सरकवतात आणि वाचन कोठे सुरू होते व कोठे थांबते ते टिपतात. हे दोन्ही बिंदू खांबापासून सारख्या अंतरावर नसतील, तर शलाका खुणेपासून बाजूला सरकलेली आहे. उपकरणावर छापलेला कमाल पल्ला चकचकीत लक्ष्यासाठी असतो, जनावरासाठी तो बराच कमी भरतो. धुक्यात तर समोरचे जलकणच प्रकाश परत पाठवतात.

गणनेचा आधार. ॲपमधील गणित फोनपेक्षा शतकभर जुने आहे. एका प्रमाण गोळीला हवेचा किती विरोध होतो हे निरनिराळ्या वेगांवर मोजायचे आणि इतर गोळ्या तिच्या तुलनेत किती सरस किंवा कमी आहेत हे ‘बॅलिस्टिक गुणांक’ या एका आकड्याने सांगायचे, ही ती कल्पना. जर्मनीत क्रुप कारखान्याने १८७० व १८८० च्या दशकांत केलेल्या चाचण्या, त्यांवरून रशियन तोफखाना अधिकारी मायेव्हस्की यांनी बसविलेली सूत्रे आणि इटलीतील फ्रांचेस्को सियाच्ची यांनी १८८० च्या सुमारास मांडलेली, सपाट मार्गांसाठी आकडेमोड सुलभ करणारी रीत, हे या परंपरेचे प्रमुख टप्पे मानले जातात. ॲपच्या पडद्यावर ‘G1’ म्हणून दिसणाऱ्या विरोधवक्राचे मूळ मात्र सर्वत्र सारखे सांगितले जात नाही. शिकारविषयक लेखनात तो बहुधा थेट क्रुपच्या चाचण्यांशी आणि अमेरिकन अधिकारी जेम्स इंगल्स यांच्या कोष्टकांशी एकरूप मानलेला आढळतो. दुसऱ्या मतानुसार ‘G’ हे अक्षर फ्रान्समधील गाव्र येथील तोफखाना आयोगावरून आले असून इंगल्सची कोष्टके ही जवळची, पण वेगळी मालिका आहे. दोन्ही वक्र आकड्यांनी इतके जवळ आहेत की व्यवहारात गोंधळ झाल्याने फारसे बिघडत नाही. तथापि दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्यवहाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा प्रमाण गोळीच्या आकाराचा आहे. G1 ची प्रमाण गोळी आखूड, बोथट नाकाची आणि सपाट तळाची आहे. आजची लांब पल्ल्याची गोळी लांबट, टोकदार आणि तळाशी निमुळती असते. तिच्याशी ‘G7’ चा आकार अधिक जुळतो. त्यामुळे G1 मध्ये दिलेला गुणांक वेगानुसार बदलत जातो, तर G7 मधील बराच स्थिर राहतो. अलीकडे काही निर्माते डॉप्लर रडारने प्रत्येक गोळीचा स्वतंत्र वक्र मोजून ॲपमध्ये देतात. ॲप उड्डाणाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात वेगाची घट आणि गुरुत्वामुळे होणारी घसरण मोजत जाते. जुन्या कोष्टकांची जागा अशा रीतीने थेट आकडेमोडीने घेतली आहे.

दोन उपकरणांची जोडणी. ब्लूटूथने जोडलेले अंतरमापक तिरके अंतर आणि कोन फोनकडे पाठवते; किंवा याउलट, ॲपमध्ये भरलेली रायफल व गोळीची माहिती आधीच अंतरमापकात साठवली जाते आणि उत्तर त्याच्याच भिंगात उमटते. जेथे मोबाइलचे जाळे पोचत नाही अशा डोंगरात दुसरी रीत सोयीची. शिवाय नेमाच्या वेळी फोन काढावा लागत नाही.

उदाहरणादाखल ६·५ क्रीडमूर काडतूस घेऊ. गोळी १४३ ग्रेन वजनाची, तिचा गुणांक G7 मध्ये ०·३१५, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला ८२३ मीटर, दुर्बीण नळीच्या अक्षापासून ४·५ सेंटिमीटर उंच आणि रायफल १०० मीटरवर जुळवलेली. अंतरमापक ५५० मीटर आणि २० अंश उतार दाखवतो. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत, सपाट जमिनीवर, गोळी दृष्टिरेषेच्या सुमारे २·१६ मीटर खाली येईल. ५५० मीटरवर एक मिलिरेडियन म्हणजे ५५ सेंटिमीटर, त्यामुळे दुर्बिणीत ३·९ मिलिरेडियन द्यावे लागतील. शिकारी १,५०० मीटर उंचीवर असेल तर तेथील हवेची घनता सुमारे १४ टक्क्यांनी कमी असते. विरोध घटल्याने हा आकडा ३·८ वर येतो. उताराचा हिशेब धरल्यावर तो ३·५ होतो, कारण गुरुत्वाचा दृष्टिरेषेला लंब असलेला भागच गोळीला त्या रेषेखाली ओढतो. दर क्लिकला ०·१ मिलिरेडियन देणाऱ्या दुर्बिणीत या ३५ क्लिक झाल्या. उतार विसरला गेला असता, तर गोळी सुमारे १६ सेंटिमीटर वर लागली असती.

उताराच्या दुरुस्तीची जुनी रीत R × cos θ एवढीच आहे; R म्हणजे तिरके अंतर आणि θ म्हणजे उताराचा कोन. ५५० मीटरचे आडवे अंतर ५१७ मीटर भरते आणि त्या अंतराची उंची दिली जाते. येथे तिचे उत्तर ॲपच्या उत्तराहून जेमतेम ३ सेंटिमीटरने चुकते. खरा धोका दुहेरी दुरुस्तीत आहे. पुष्कळ अंतरमापक मूळ तिरक्या अंतराऐवजी आधीच दुरुस्त केलेले ‘आडवे’ अंतर दाखवू शकतात. तो ५१७ चा आकडा शिकाऱ्याने हाताने ॲपमध्ये भरला आणि सोबत २० अंशही भरले, तर उतार दोनदा वजा होऊन गोळी सुमारे १८ सेंटिमीटर खाली जाते. ब्लूटूथ बंद पडल्यावर हा घोटाळा हमखास होतो. हाताने आकडे भरताना अंतरमापकाच्या भिंगात कोणते अंतर उमटते आहे याची खातरजमा करावी ती याचसाठी.

चुकांची मापे. वरील उदाहरणात अंतर १० मीटरने चुकले तर आघातबिंदू सुमारे ६ सेंटिमीटर हलतो, म्हणजे मागच्या खडकाच्या ५९० मीटरवर विसंबल्यास गोळी पाव मीटर वर जाते आणि बहुधा पाठीवरून निघून जाते. मुखवेग सेकंदाला १५ मीटरने कमी भरला तर सुमारे ९ ते १० सेंटिमीटरची घट येते. खोक्यावर छापलेला वेग चाचणीच्या नळीतला असतो, म्हणून स्वतःच्या रायफलीतून तो वेगमापकाने मोजणे आवश्यक ठरते. ॲपमध्ये G7 निवडून त्यापुढे त्याच गोळीचा G1 मधील ०·६२५ हा गुणांक भरला, तर विरोध निम्मा धरला जाऊन गोळी सुमारे पाव मीटर खाली लागते. हवेच्या दाबाबाबतही अशीच एक सामान्य चूक आढळते. हवामान अंदाजातील दाब समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो, ॲपला मात्र जागेवरचा प्रत्यक्ष दाब हवा असतो. १,५०० मीटरवर तो साधारण ८४५ हेक्टोपास्कल असतो. पडद्यावर १,०१३ च्या आसपास दिसत असेल, तर चुकीचा आकडा भरला गेला हे तेथेच समजावे.

दूरच्या लक्ष्यावर प्रत्यक्ष गोळ्या झाडून ॲपमधील मुखवेग त्यांच्याशी जुळवून घेण्याचा प्रघात आहे. तो उपयुक्त असला, तरी दुर्बिणीच्या क्लिकाच खोट्या असतील तर त्यांचा दोष वेगाच्या माथी मारला जातो आणि दुसऱ्या अंतरावर उत्तर पुन्हा चुकते. म्हणून क्लिका आधी उभ्या मोजपट्टीवर तपासून घेणे श्रेयस्कर होय.

वाऱ्याच्या बाबतीत ही जोडी तुलनेने असहाय आहे. आडव्या वाऱ्याने होणारे विचलन, फ्रेंच तोफखाना अधिकारी दीदियाँ यांच्या जुन्या नियमानुसार, गोळीला प्रत्यक्ष लागणारा काळ आणि निर्वातात लागला असता तो काळ यांच्या फरकाला वाऱ्याच्या वेगाने गुणून मिळते. वरील गोळीला डोंगरावर सुमारे ०·७८ सेकंद लागतात, निर्वातात ०·६७ लागले असते. म्हणजे सेकंदाला एक मीटर आडव्या वाऱ्यामागे गोळी ११ सेंटिमीटर सरकते. गणित निर्दोष असले तरी वाऱ्याचा वेग मोजला जातो तो शिकाऱ्यापाशी. दरीच्या मध्यावर तो दुप्पट किंवा उलट दिशेचाही असू शकतो आणि लेसर त्याविषयी काहीच सांगत नाही. गवताचे झुकणे आणि दुर्बिणीतून दिसणारी उष्ण हवेची लहर यांवरून केलेला अंदाजच अखेर ॲपमध्ये भरला जातो. पाऊण सेकंदाच्या उड्डाणात जनावर एक पाऊल टाकू शकते, ही मर्यादाही कोणत्याही गणकाच्या आवाक्याबाहेरची आहे. अनुभवी शिकारी वाऱ्याच्या अंदाजातील अनिश्चिततेला या ११ सेंटिमीटरने गुणतात आणि उत्तर हृदय-फुप्फुसांच्या भागाच्या निम्म्या रुंदीहून मोठे आल्यास खटका न दाबता जवळ सरकतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीस बंदी असून हिमालयातील ताहर संरक्षित आहे. त्यामुळे येथे या पद्धतीचा शिकारीतील उपयोग उद्भवत नाही.