दोन अपलिंक, कॉस्ट सारखी, तरी एकच लिंक का भरते

राउटरांना रस्ते ठरवून देणाऱ्या ओएसपीएफमध्ये सारख्या कॉस्टचे दोन रस्ते एकत्र वापरायची सोय बरीच जुनी आहे, १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्येही ती आहेच. पण ट्रॅफिक त्या दोन रस्त्यांवर वाटायचा कसा हे प्रत्येक राउटरवर सोडलेलं. सुरुवातीच्या काही राउटरांवर एक पॅकेट इकडे, पुढचं तिकडे असं चालायचं, लिंक अगदी समान भरायच्या, पण दोन रस्त्यांचा डिले थोडाही वेगळा असला की पॅकेटं उलटसुलट पोचायची. टीसीपीला एकच अॅक, म्हणजे पॅकेट मिळाल्याची पोच, परत परत आला, म्हणजे तीन डुप्लिकेट झाले, की वाटतं पॅकेट हरवलं, तो ते परत पाठवतो आणि विंडो निम्मी करतो, म्हणजे काहीच हरवलेलं नसताना स्पीड पडतो.

नोव्हेंबर २००० मधल्या आरएफसी २९९१ आणि २९९२ मध्ये हीच अडचण मांडून हॅशचा मार्ग सांगितलाय. हेडरमधले आयपी, प्रोटोकॉल आणि पोर्ट घेऊन हॅश, म्हणजे त्यांच्यापासून ठरलेल्या रीतीने येणारा एक आकडा, काढायचा आणि त्यावरून नेक्स्ट हॉप ठरवायचा. एका फ्लोचे, म्हणजे एकाच कनेक्शनच्या पॅकेटांचे, हे आकडे बदलत नाहीत म्हणून त्याची वाटही बदलत नाही, आणि लेयर थ्री स्विचच्या चिपमध्येही आज हेच होतं.

आता समजा 10.1.10.21 वरून 10.1.20.8 कडे एकाच टीसीपी कनेक्शनवर बॅकअप चाललाय. अपलिंक दोन, प्रत्येकी १० जी, एक ९ वर आणि दुसरी जेमतेम १ वर. राउटिंग टेबलमध्ये दोन्ही नेक्स्ट हॉप दिसतात, म्हणजे ओएसपीएफचं काही चुकलेलं नाही. हा फ्लो कुठल्या लिंकवरून जातो हे सिस्कोवर विचारता येतं:

```
show ip cef exact-route 10.1.10.21 10.1.20.8
```

फक्त काही मॉडेलवर हार्डवेअरचा हॅश वेगळा असतो, त्यामुळे इंटरफेसचे काउंटर बघूनच खात्री करा. हाच बॅकअप चार कनेक्शनवर चालवला तर सोर्स पोर्ट वेगळे होतात, पण स्विच हॅशमध्ये पोर्ट धरत असेल तरच फायदा, आणि तेव्हाही चारही एकाच लिंकवर पडायची शक्यता आठात एक राहतेच. जीआरई टनेल असेल तर बाहेरच्या हेडरला पोर्टच नसतो, त्यामुळे स्विच आतलं हेडर वाचत नसेल तर आतले शंभर फ्लोही त्याला एकच दिसतात.

माझ्या मते सगळ्यात फसवं प्रकरण पोलरायझेशनचं. अॅक्सेस स्विचने हॅशवरून अर्धे फ्लो डाव्या डिस्ट्रिब्युशनकडे पाठवले, त्या डाव्यानेही तोच हॅश लावला तर त्याच्याकडे आलेल्या सगळ्यांचं उत्तर "डावी" हेच येणार, म्हणून फ्लो हजारो असले तरी त्याची उजवी अपलिंक रिकामीच. यासाठीच पुढे हॅशमध्ये प्रत्येक स्विचचा वेगळा सीड मिसळायला लागले. सीड वेगळे केले की ही रिकामी लिंक भरायला लागते, पण तो एकटा बॅकअप फ्लो मात्र तेव्हाही एकाच लिंकवर राहतो.