शीतगृहाच्या भिंतीचे दवबिंदू विश्लेषण

शीतगृहाच्या भिंतीत पाणी कुठे साचेल, हे बांधण्यापूर्वी किंवा दुरुस्तीपूर्वी हिशेबाने ताडण्याची ही पद्धत आहे. भिंतीच्या प्रत्येक थराचे तापमान काढायचे आणि ते हवेच्या दवबिंदूशी, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्याशी, ताडून पाहायचे. घराच्या भिंतीत थंडीच्या दिवसांत बाष्प आतून बाहेर जाते. शीतगृहात ते बारा महिने बाहेरून आत ओढले जाते. म्हणून बाष्परोधक थर नेहमी बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूला लागतो.

नाशिक, निफाड, दिंडोरी भागात द्राक्षांसाठी शून्य अंशाच्या आसपास चालणाऱ्या खोल्या आहेत. द्राक्षांच्या हंगामात बाहेरची हवा कोरडी असते. ३० अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू साडेदहा अंशांच्या जवळ येतो, त्यामुळे सदोष भिंतही कोरडी दिसते. तीच खोली दुसऱ्या मालासाठी पावसाळ्यात चालू ठेवली की दोष उघडा पडतो. त्यामुळे तपासणीसाठी पावसाळी हवाच धरावी. २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २३.३ अंश येतो.

बाहेरून आत अशी एक भिंत घेऊ: सिमेंटचा गिलावा, २३० मिमी वीटकाम, आतला गिलावा, १०० मिमी पफ म्हणजे उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम आणि शेवटी पत्रा. आत शून्य अंश. बाहेरच्या हवेच्या पापुद्र्यापासून आतल्या हवेपर्यंत सगळ्यांचा उष्णतारोध मिळून सुमारे ४.८ चौ.मी. केल्विन प्रति वॅट भरतो, त्यातला ४.३५ एकट्या पफचा. थरातली तापमानघट त्याच्या रोधाच्या प्रमाणात वाटली जाते. वीटकाम व गिलावे मिळून दोन अंशही खात नाहीत, त्यामुळे पफच्या बाहेरच्या तोंडाशी २४ अंश राहतात. हे दवबिंदूच्या जेमतेम वर आहे. दवबिंदूची रेषा पफमध्ये अवघी तीन मिमी आत पडते. बाष्परोधक थर पफच्या बाहेरच्या तोंडाला चिकटूनच हवा, तो याचसाठी.

तो थरच नसेल तर? आतला पत्रा बाष्प अडवतो, म्हणजे आत आलेले पाणी बाहेर पडायला वाट नाही. बाष्पदाबाच्या आलेखावरून, म्हणजे ग्लेझर पद्धतीने, हिशेब केला तर चौरस मीटरला दिवसाकाठी साडेचार ग्रॅमच्या आसपास पाणी आत साचते; चार महिन्यांत अर्धा किलोहून अधिक. ४० किलो घनतेचा पफ तेवढ्याच जागेत चार किलो असतो, यावरून प्रमाण लक्षात यावे. सांधे नीट चिकटवलेला २५० मायक्रॉनचा पॉलिथिन थर हा आकडा अर्ध्या ग्रॅमपर्यंत खाली आणतो. फाटक्या सांध्यातून हवाच आत शिरत असेल तर हिशेब कोलमडतो, कारण ही पद्धत फक्त बाष्पाचे झिरपणे मोजते.

औष्णिक सेतूचा, म्हणजे उष्णतेला सहज आत येऊ देणाऱ्या जागेचा, प्रश्न याच भिंतीत आरसीसी कॉलम आला की उभा राहतो. पफ कॉलमपाशी थांबवून ३०० मिमी काँक्रीट उघडे सोडले, तर रोध ४.८ वरून ०.३५ वर येतो. वारा असताना बाहेरचा पृष्ठभाग २३ अंशांवर उतरतो, दवबिंदूच्या किंचित खाली. दोन शेडमधल्या निवाऱ्याच्या बोळात तोच १८ अंशांच्या आसपास जातो आणि पाणी ओघळू लागते. पृष्ठभाग कोरडा राहण्यासाठी त्याचे तापमान आतल्या हवेपेक्षा आत-बाहेरच्या एकूण फरकाच्या किमान ०.९० पट जास्त असावे लागते. इथे ते वाऱ्यात ०.८९ आणि निवाऱ्यात ०.७० येते. हा एकमितीय अंदाज आहे. कडेने उष्णता वळून येते, म्हणून नेमके तापमान द्विमितीय गणनेनेच कळते.

दुरुस्तीत बरेचदा कॉलमवर आतून ५० मिमी पफ लावून काम संपवले जाते. बाहेरचा ओघळ थांबतो खरा, पण निवाऱ्याच्या हवेत काँक्रीट आणि पफ यांच्यामधली सीमा २२.८ अंशांवर, म्हणजे दवबिंदूखाली, राहते. ओल दिसत नाही एवढेच. ती तिथे असते. पूर्ण १०० मिमी लावल्यास ही सीमा २४ अंशांच्या वर जाते. बाष्परोधक थरही कॉलमवरून अखंड न्यावा.

साचलेली ओल पत्र्याच्या स्क्रूभोवतीच्या गंजावरून, सांध्यांवरच्या हिमावरून आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालण्यावरून ओळखता येते. खात्रीसाठी पफचा तुकडा कापून वजन करावा, वाळवून पुन्हा तोलावा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर चुकीचे तापमान दाखवतो, म्हणून वाचन गिलाव्यावर किंवा काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर घ्यावे. पावसाने भिजलेली वीट जास्त उष्णता वाहते आणि तिच्यातली हवा बाष्पाने संपृक्त असते; उघड्या पश्चिम भिंतीचा हिशेब ८५ नव्हे, १०० टक्के आर्द्रतेने करावा.