मजुरी वाढली की माणसं कमी होतातच?

“मजुरी सक्तीने वाढवली की माणसं कमी होणारच, हा नियमच ना?”

मजूर घेणारे अनेक असतील तर बहुधा हो. पण पंचक्रोशीत काजू सोलण्याचा एकच कारखाना असेल, तर गणित उलटू शकतं. मजूर घेणारा असा एकटाच असणं, याला मोनॉप्सनी म्हणतात.

समजा L बाया हव्यात, तर रोज W = 200 + 10L रुपये द्यावे लागतात. शेवटच्या बाईच्या कामाची किंमत 800 − 10L. स्पर्धा असती तर दोन्ही समान होऊन 30 बाया, 500 रुपये रोज.

एकटा मालक मात्र 20 वरच थांबतो. 20 बायांना 400 प्रमाणे 8,000 जातात. एकविसावी 410 मागते आणि तोच रोज सगळ्यांना द्यावा लागतो, म्हणजे 8,610. तिचा खरा खर्च 610, काम 590 चं. (परीक्षेत इथेच घसरतात: 20 वर कामाची किंमत 600 दिसते म्हणून मजुरी 600 लिहितात. मजुरी पुरवठा-रेषेवरच, म्हणजे W = 200 + 10L वरच, वाचायची: 400.)

आता किमान वेतन 500 ठरवा. एकविसावीचा खर्च 500 च, जुन्यांचा रोज तिच्यामुळे वाढत नाही. भरती 30 पर्यंत जाते. 600 ला ती पुन्हा 20 वर येते, 620 ला 18.