एल्युसिसच्या पेल्यात काय होते?

"प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या एल्युसिसमध्ये दीक्षा देताना अरगटाचे पेय पाजून भास घडवत, असे सगळीकडे वाचतो."

तसा पुरावा नाही. हा तर्क १९७८ साली मांडला गेला. अरगट म्हणजे बाजरीवर येणारा बुरशीचा रोग. तशीच बुरशी जवावरही पडते, हा त्याचा एक आधार. ज्या धान्यदेवतेसाठी हा विधी असे त्या देमेतेरच्या प्राचीन स्तोत्रात मात्र पेयाची कृती सरळ दिली आहे: पाणी, जवाचे पीठ आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती. उपास सोडायचा तो यानेच. शिवाय अरगट नेमके मोजून देणे फार अवघड. प्रमाण चुकले तर झटके येतात, बोटे सडतात. दरवर्षी मोठा जमाव ते प्यायला असता, तर अशा विषबाधेची कुणीतरी नोंद केली असती.

मग हा विधी गुप्त ठेवत, ते गुपित कशाचे? इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सचा सेनापती अल्किबियादेस याच्यावर या विधीच्या विटंबनेचा खटला झाला. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिलेल्या आरोपपत्रात पेयाचा उल्लेखच नाही. अल्किबियादेसने मुख्य पुरोहितासारखा झगा घातला आणि घरात मित्रांना दीक्षा देण्याची नक्कल केली, हा गुन्हा. म्हणजे जपायचे होते ते दाखवणे आणि बोलणे.

काय दाखवत? हिप्पोलितस सांगतो: शांततेत कापलेले धान्याचे कणीस. पण तो ख्रिस्ती लेखक, या पंथांची खिल्ली उडवणारा आणि बऱ्याच उशिराचा, त्यामुळे त्याची साक्ष जपूनच घ्यावी लागते. तरी धान्यदेवतेच्या मंदिरात कणीस शोभते, हे मला पटते.