समजूत काढणे आणि समजून घेणे

रात्री साडेनऊला मैत्रिणीचा संदेश येतो, ‘जरा बोलू शकतो का? घाई नाही.’ या ‘घाई नाही’वर फारसा विश्वास ठेवू नये. ‘बोल ना’ एवढेच लिहून गप्प राहण्यापेक्षा ‘आत्ता वीस मिनिटे आहेत, दहानंतर मात्र निवांत आहे, फोन करू का?’ असे कळवले, तर आपण अडचण करत आहोत ही तिची भीती कमी होते.

पुढचा घोटाळा मात्र सद्भावनेतूनच होतो, कारण समजूत काढणे आणि समजून घेणे या दोन्ही गोष्टी वरवर मायेच्याच दिसतात. समजा, तिच्या आईचे खुब्याचे हाड मोडले आहे, तीन आठवडे सगळे तीच करते आहे आणि परदेशातला भाऊ म्हणतो, ‘बाई ठेव, पैसे मी पाठवतो.’ आपण म्हणतो, ‘अगं, तो लांब आहे, त्याचाही जीव तुटत असेल.’ यात खोटे काहीच नाही, पण ती ‘हो, तेही खरंच’ म्हणते आणि पाचव्या मिनिटाला ‘चल, झोप तू’ असे म्हणून फोन ठेवते. उत्तरे आखूड होत जाणे आणि तिनेच आपल्याला बरे वाटेल असे बोलू लागणे, ही समजूत काढली गेल्याची खूण असते.

समजून घेणारा भावाची बाजू मांडत नाही. आपल्याला काय कळले ते तिच्यापुढे ठेवून तपासतो: ‘सगळं तुझ्यावर टाकलं, असं वाटतंय का?’ त्यावर ती म्हणते, ‘करण्याचं काही नाही गं. मी करते ते कुणी मोजतच नाही, याचा राग येतो.’ आपला अंदाज चुकला, तरी तो दुरुस्त करताना खरी गोष्ट तिच्याच तोंडून बाहेर आली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीही पुढे स्पष्ट केले होते की, समोरच्याच्या भावना त्याला परत बोलून दाखवताना ते आपले आकलन बरोबर आहे का, हे पडताळत असत. तिचेच शब्द पोपटासारखे परत म्हणणे हे त्याचे विडंबन झाले (आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळते).

सल्ला वर्ज्य नाही. ‘नुसते ऐकू की काही सुचवू?’ असे विचारता येते. मात्र ते सुरुवातीलाच विचारले, तर तिलाही उत्तर ठाऊक नसते, म्हणून पहिला भर ओसरू द्यावा. तीच तक्रार रोज त्याच शब्दांत येऊ लागली, तर नुसते ऐकत राहणे म्हणजे दुःख दोघींनी मिळून उगाळणे होते. तेव्हा ‘भावाशी हे बोललीस का?’ हा प्रश्न योग्य ठरतो.

‘आता नकोच वाटतं सगळं’ असे ती म्हणाली, तर मात्र अंदाज बांधत बसू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार तिच्या मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर फोन चालू ठेवून घरातल्या कुणाला तरी तिच्याजवळ बसवावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दोघींनी मिळून बोलावे.