गोष्टीचं चित्रपुस्तक: चित्रं काढून घेण्याआधी हे वाचा

आमच्याकडे गोष्ट घेऊन येणारे बरेच ग्राहक सोबत चित्रंही घेऊन येतात. गोष्टीत सतरा परिच्छेद असले तर चित्रंही सतरा. मग आम्ही सांगतो की यातली सहा-सात चित्रं वापरता येणार नाहीत आणि तीन-चार नव्याने काढावी लागतील. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. म्हणून चित्रकाराला काम देण्याआधी दृश्यं ठरवा, एवढंच सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

समोरासमोरच्या दोन पृष्ठांना आम्ही जोडपान म्हणतो. एका जोडपानावर एकच दृश्य येतं. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तकात पृष्ठं चारच्या पटीत असतात, कारण मधोमध दुमडलेल्या एका कागदाची चार पृष्ठं होतात. २४ पृष्ठांच्या पुस्तकात (कव्हर वेगळं) पृष्ठ १ वर शीर्षक येतं आणि पृष्ठ २४ एकटं उरतं. मधे २-३ पासून २२-२३ पर्यंत बरोबर ११ जोडपानं मिळतात. श्रेय आणि प्रकाशनाचा मजकूर कव्हरच्या आतल्या बाजूला गेला, तर ही अकराच्या अकरा गोष्टीला वापरता येतात. बारावं दृश्य हवंच असेल तर पुस्तक २८ पृष्ठांचं होतं, म्हणजे जोडपानं दोन वाढतात आणि तेरावं दृश्य शोधत बसावं लागतं. बहुतेक वेळा दोन दृश्यं एकत्र करणंच बरं पडतं.

परिच्छेद म्हणजे दृश्य नव्हे. जागा बदलली, वेळ बदलली किंवा पात्राने काही नवं केलं, की दृश्य बदलतं. समजा, एका करडाच्या गळ्यातली घंटा हरवते अशी ६४० शब्दांची गोष्ट आहे. तिसऱ्या परिच्छेदात करडू गोठ्यातून निघतं, ओढा ओलांडतं आणि टेकडी चढतं. परिच्छेद एक, पण दृश्यं तीन. उलट सहा ते नऊ हे चारही परिच्छेद करडू आणि म्हातारा कावळा यांच्या गप्पांचे. झाड तेच, फांदी तीच. इथे चार चित्रं काढली तर चारही सारखीच दिसतात. या गप्पा २१० शब्दांच्या असतील तर त्या पन्नासावर आणून एका जोडपानात बसवायच्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवायच्या पुस्तकात एका जोडपानाला ३० ते ५० शब्द पुरतात. ‘कावळ्याचे पंख विस्कटलेले होते’ हे वाक्य कापताना लेखकाचा जीव तुटतो, हे आम्हाला कळतं. पण ते पंख चित्रात दिसतातच.

पान उलटण्याकडेही लक्ष द्या. मूल ऐकण्याआधी पाहतं. ‘झुडपामागून आवाज आला, किणकिण!’ हे वाक्य आणि घंटेशी खेळणारी खारीची पिल्लं एकाच जोडपानावर आली, तर गंमत वाचण्याआधीच संपते. म्हणून आवाज पृष्ठ १७ च्या तळाशी ठेवायचा आणि पिल्लं १८-१९ वर. त्याच्या आधी एक दृश्य वाढलं तरी आवाज आणि पिल्लं सोबतच पुढे सरकतात. पण गप्पा लांबल्या म्हणून मजकूर अर्ध्या जोडपानाने पुढे ढकलला, तर आवाज १८ वर जातो आणि पिल्लं त्याच्या समोर १९ वर येतात. चित्रं तयार झाल्यावर आम्ही दृश्यांचा क्रम बदलू देत नाही, ते यासाठीच.

आता चित्राबद्दल थोडं. पृष्ठ ८ इंच चौरस असेल, तर चित्र १६ × ८ इंच आडवं काढावं आणि चारही कडांना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटाईत जाणारा भाग, जास्त ठेवावं. रिझोल्यूशन ३०० डीपीआय हवं. उभं चित्र नंतर ताणून आडवं करता येत नाही. मजकूर कडेपासून निदान १२ मिमी आत हवा, आणि त्यामागे आकाश किंवा गवतासारखी शांत जागा चित्रकाराने आधीच सोडलेली हवी. मधल्या घडीवर डोळे, चेहरा किंवा अक्षर येऊ देऊ नका. २४ पृष्ठांत फक्त १२-१३ हे जोडपान एका सलग कागदावर छापलं जातं. बाकी सगळ्या जोडपानांचे दोन भाग वेगवेगळ्या ठिकाणी छापून पिन मारताना जुळवले जातात, आणि मिलिमीटरभर फरक पडू शकतो. घडी ओलांडून जाणारं सगळ्यात देखणं चित्र १२-१३ वर बसवता आलं तर उत्तम.

हे सगळं घरी कोऱ्या कागदांची डमी करून तपासता येतं. सहा कोरे ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, पृष्ठक्रमांक टाका आणि गोष्ट कापून चिकटवा. चित्रांच्या जागी ‘करडू ओढ्यात’ एवढं लिहिलं तरी चालेल. मग मोठ्याने वाचत पानं उलटा. एखाद्या जोडपानावर काय काढायचं ते सुचत नसेल, तर तिथे बहुधा दृश्यच नाही.

डमी करायला वेळ नसेल तर फक्त मजकूर पाठवा. दृश्यांची विभागणी आणि अंगठ्याएवढ्या चित्रांचा आराखडा आम्ही करून देतो, आणि पुस्तक आमच्याकडेच होणार असेल तर त्याचे वेगळे पैसे लावत नाही. तुमचा चित्रकार ठरलेला असेल तर हा आराखडा त्यालाच द्या. आराखड्यावर तुमची सही झाल्यावरच आम्ही चित्रं स्वीकारतो.